गृहकर्जाचं एका आर्थिक वर्षातलं व्याज आणि मुद्दल: CUMIPMT आणि CUMPRINC वापरताना नेमकं चुकतं कुठे

जानेवारी लागला की सातपूर आणि अंबडच्या कारखान्यांतले लोक आमच्या नाशिकच्या छोट्या करसल्ला कार्यालयात येऊ लागतात. कंपनीने फॉर्म १२बीबी मागितलेला असतो, बँकेचं प्रमाणपत्र हातात नसतं आणि मोबाइलमध्ये स्वतः केलेली एक्सेलची शीट असते. ‘भाऊ, व्याज एवढंच बसतंय ना, बघा जरा,’ असं म्हणत ते ती पुढे करतात. शीटमध्ये फंक्शन बरोबर असतं, कर्जाची रक्कम बरोबर असते आणि तरीही उत्तर चुकलेलं असतं. चूक जवळजवळ नेहमी एकाच जागी सापडते: हप्त्याचा क्रमांक आणि एप्रिल ते मार्च हे वर्ष यांची जोडणीच झालेली नसते.

एकच उदाहरण घेऊन शेवटपर्यंत जाऊ. पाथर्डी फाट्याजवळच्या एका फ्लॅटसाठी ३०,००,००० रुपयांचं कर्ज, व्याजदर ८.५ टक्के, मुदत २० वर्षं म्हणजे २४० हप्ते, आणि पहिला हप्ता ५ जुलै २०२३ रोजी. आपल्याला २०२४-२५ या आर्थिक वर्षातलं व्याज CUMIPMT ने आणि मुद्दल CUMPRINC ने काढायचं आहे.

## टप्पा १: शीट उघडण्याआधी चार गोष्टी हाताशी घ्या

मंजुरीपत्रावर विसंबू नका, कर्जाच्या खात्याचा उतारा घ्या. त्यातून रक्कम, दर, एकूण हप्ते आणि पहिल्या पूर्ण हप्त्याची तारीख टिपून घ्या.

रक्कम म्हणजे ज्या आकड्यावर हप्ता बसवला आहे तोच आकडा. कित्येकदा कर्जासोबत विम्याचा हप्ताही कर्जातच घातलेला असतो. मग मंजुरीपत्र तीस लाख म्हणतं आणि हप्ता त्याहून जास्त रकमेवर चालू असतो.

पहिल्या पूर्ण हप्त्याची तारीख आणि कर्जवाटपाची तारीख या वेगळ्या गोष्टी आहेत. पैसे जूनमध्ये सुटले आणि हप्ता जुलैत सुरू झाला, तर मधल्या मोडक्या दिवसांचं व्याज बँक वेगळं घेते. ते या दोन्ही फंक्शनांच्या हिशोबात येत नाही.

सावधान: इमारत बांधकामाखाली असेल, रक्कम टप्प्याटप्प्याने सुटत असेल आणि तुम्ही नुसतं व्याजच भरत असाल, तर हा लेख अजून तुमच्या कामाचा नाही. पूर्ण हप्ता सुरू होईपर्यंत CUMIPMT लावू नका. त्या काळातलं व्याज बँकेच्या उताऱ्यातूनच बेरीज करून घ्यावं लागतं.

## टप्पा २: माहिती वेगवेगळ्या चौकटींत भरा

सूत्राच्या पोटात आकडे कोंबण्याची सवय सोडा. दर बदलला की तेच सूत्र दहा ठिकाणी शोधत बसावं लागतं. A स्तंभात नावं लिहा आणि B मध्ये हे भरा:

```
B1   3000000
B2   8.5%
B3   240
B4   =DATE(2023,7,5)
B5   =DATE(2024,4,1)
```

B5 म्हणजे हव्या असलेल्या आर्थिक वर्षाचा पहिला दिवस.

तारखा DATE ने लिहायला सांगतोय यामागे अनुभव आहे. संगणकाची तारखेची पद्धत अमेरिकन असेल, तर 05/07/2023 ही तारीख गुपचूप ७ मे होते. काही तांबडं दिसत नाही, एरर येत नाही, फक्त पुढचे सगळे हप्ते दोन महिन्यांनी सरकतात. हप्ता महिन्याच्या १५ तारखेला असेल तर उलट बरं, कारण पंधरावा महिना नसतोच. तिथे तारीख मजकूर म्हणून पडून राहते आणि पुढे #VALUE! येऊन चूक कळते.

दर लिहिताना टक्क्याची खूण विसरू नका. नुसतं 8.5 लिहिलंत तर शीट ते ८५० टक्के समजते.

## टप्पा ३: आधी फक्त हप्ता काढा आणि थांबा

```
B8   =PMT(B2/12,B3,-B1)
```

आपल्या उदाहरणात उत्तर २६,०३४.७० येतं. बँक हप्ता पूर्ण रुपयात करते, त्यामुळे उताऱ्यात २६,०३५ दिसेल. एवढा फरक चालतो.

तपासणी: फरक एखाद्या रुपयाहून जास्त असेल तर पुढे जाऊच नका. रक्कम, दर किंवा हप्त्यांची संख्या यांपैकी एक तरी चुकलेलं आहे. CUMIPMT तुम्हाला हप्ता विचारत नाही. तो दर, मुदत आणि रक्कम यांवरून हप्ता मनातल्या मनात स्वतः काढतो. म्हणून तुमचा खरा हप्ता आणि त्याच्या मनातला हप्ता जुळतो का, हे पाहायची जागा हीच.

## टप्पा ४: आर्थिक वर्षात कितवा ते कितवा हप्ता येतो ते ठरवा

सगळी गंमत इथे आहे, म्हणून जरा सावकाश.

CUMIPMT ला तारीख कळत नाही. त्याला फक्त क्रमांक कळतो: पहिला हप्ता १, दुसरा २. ‘कर्जाचं दुसरं वर्ष म्हणजे १३ ते २४’ असं बहुतेक जण लिहून मोकळे होतात. पण १३ ते २४ हे आपल्या उदाहरणात जुलै २०२४ ते जून २०२५ होतात. प्राप्तिकराचं वर्ष त्याच्याशी जुळत नाही.

बोटांवर मोजून पाहा. जुलै २०२३ हा १, ऑगस्ट २, असं मोजत गेलं की मार्च २०२४ हा ९ येतो. म्हणजे २०२३-२४ मध्ये फक्त नऊच हप्ते पडले. एप्रिल २०२४ हा १० आणि मार्च २०२५ हा २१. त्यामुळे २०२४-२५ साठी १० ते २१ हवेत आणि २०२५-२६ साठी २२ ते ३३.

शीटकडून हेच करून घ्यायचं तर:

```
B6   =MAX(1,(YEAR(B5)-YEAR(B4))*12+MONTH(B5)-MONTH(B4)+1)
B7   =MIN(B3,(YEAR(B5)-YEAR(B4))*12+MONTH(B5)-MONTH(B4)+12)
```

B6 मध्ये १० आणि B7 मध्ये २१ यायला हवेत. MAX हा पहिल्या अपुऱ्या वर्षासाठी आहे: B5 मध्ये १ एप्रिल २०२३ घातली तर साधं गणित उणे २ देतं, आणि MAX त्याला १ वर आणून ठेवतो. MIN हेच काम शेवटच्या वर्षासाठी करतो, नाहीतर २४० हप्त्यांच्या कर्जात २४९ वा हप्ता मागितला जाईल.

तपासणी: B6 आणि B7 मधल्या आकड्यांवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. उतारा समोर धरा, पहिल्या हप्त्यापासून पेन्सिलीने १, २, ३ अशा खुणा करत एप्रिलपर्यंत या. पाच मिनिटांचं काम आहे आणि मी अजूनही ते करतो.

## टप्पा ५: आता दोन्ही फंक्शनं लिहा

```
B9   =-CUMIPMT(B2/12,B3,B1,B6,B7,0)
B10  =-CUMPRINC(B2/12,B3,B1,B6,B7,0)
```

पहिलं व्याजाची बेरीज देतं, दुसरं मुद्दलाची. आतल्या सहा जागा दोन्हींत सारख्याच आहेत: महिन्याचा दर, एकूण हप्ते, मूळ रक्कम, कितव्या हप्त्यापासून, कितव्या हप्त्यापर्यंत, आणि हप्ता महिन्याच्या शेवटी की सुरुवातीला. गूगल शीट्समध्येही क्रम हाच.

उत्तरं: व्याज २,४८,७९३.५३ आणि मुद्दल ६३,६२२.८४ रुपये.

१३ ते २४ लिहिलं असतं तर व्याज २,४७,४३१.९४ आलं असतं, म्हणजे सुमारे १,३६२ रुपयांनी कमी. फरक इतका लहान असतो की आकडा ‘पटतो’. म्हणूनच ही चूक वर्षानुवर्षं टिकते.

सुरुवातीच्या उणे चिन्हाचं कारण असं की ही फंक्शनं खिशातून जाणारा पैसा उणे दाखवतात. आपल्याला बेरीज-वजाबाकीसाठी सरळ आकडा हवा म्हणून बाहेरून उणे लावायचं. ते आत लावायचं नाही. PMT मध्ये -B1 लिहिलं होतं म्हणून इथेही हात आपोआप -B1 लिहितो आणि लगेच #NUM! येतं. या दोन फंक्शनांना मूळ रक्कम शून्याहून मोठीच लागते.

#NUM! येण्याची बाकीची कारणंही थोडी आहेत. दर शून्य किंवा उणे असणं, सुरुवातीचा क्रमांक १ पेक्षा लहान असणं, सुरुवात शेवटापेक्षा मोठी असणं, किंवा सहाव्या जागी ० आणि १ सोडून तिसरंच काही असणं. या क्रमाने पाहिलं की कारण सापडतं.

सहावी जागा PMT मध्ये रिकामी सोडता येते, इथे नाही. तिथे ० लिहा. काही जण ‘माझा हप्ता महिन्याच्या सुरुवातीला, ५ तारखेला जातो’ म्हणून १ लिहितात. तो अर्थ नाही. १ म्हणजे कर्ज हातात पडल्याच्या क्षणीच पहिला हप्ता फेडला, त्यात व्याज शून्य. गृहकर्जात असं होत नाही.

सावधान: B2/12 मधला 12 विसरलात तर फंक्शन कुरकुर न करता बारा महिन्यांचं व्याज ३०,६०,००० रुपये सांगेल आणि मुद्दल जवळजवळ शून्य. एका वर्षाचं व्याज मूळ कर्जापेक्षा मोठं दिसलं की आधी तिकडे पाहा.

## टप्पा ६: दोन कसोट्या लावा

पहिली कसोटी बेरजेची. व्याज आणि मुद्दल मिळून त्या वर्षात भरलेल्या हप्त्यांइतकंच व्हायला हवं:

```
=ROUND(B9+B10-(B7-B6+1)*B8,2)
```

उत्तर शून्य यावं. आपल्याकडे बारा हप्त्यांचे ३,१२,४१६.३६ रुपये होतात आणि वरच्या दोन आकड्यांची बेरीजही तीच, एक पैसा इकडेतिकडे. पण ही कसोटी अर्धवट आहे हे लक्षात ठेवा. १३ ते २४ घेतलेल्या चुकीच्या शीटमध्येही ती शून्यच दाखवते, कारण बारा हप्ते ते बाराच.

खरी कसोटी शिलकीची:

```
=B1+CUMPRINC(B2/12,B3,B1,1,B7,0)
```

हा मार्च २०२५ चा हप्ता भरल्यानंतर उरलेलं कर्ज देतो: २८,९२,०७४.४१ रुपये. उताऱ्यात त्या दिवशीची शिल्लक बघा. दहा-वीस रुपयांचा फरक हप्ता पूर्ण रुपयात केल्यामुळे पडतो. काही हजारांचा फरक असेल, तर हप्त्यांचा क्रमांक सरकला आहे, मध्ये दर बदलला आहे किंवा कुणीतरी दिवाळीच्या बोनसमधून एकरकमी पैसे भरून विसरून गेलं आहे. तिन्ही प्रकार मी पाहिले आहेत.

## टप्पा ७: वर्षाच्या मध्येच दर बदलला असेल तर

दोन्ही फंक्शनं सगळ्या मुदतीत एकच दर धरून चालतात. २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने रेपो दर फेब्रुवारी, एप्रिल, जून आणि डिसेंबर अशा चार वेळांत ६.५० वरून ५.२५ टक्क्यांवर आणला. त्यामुळे रेपोशी जोडलेलं कर्ज असेल तर २०२५-२६ ची एका दराची शीट चुकणारच. अशा वर्षाचे तुकडे पाडावे लागतात.

समजा आपल्या कर्जाचा दर जुलै २०२५ च्या हप्त्यापासून ८ टक्के झाला. जून २०२५ चा हप्ता २४ वा. म्हणजे पहिला तुकडा २२ ते २४ हप्त्यांचा, जुन्या दराने. तो वरच्याच पद्धतीने निघतो: व्याज ६१,३३८.३८ आणि मुद्दल १६,७६५.७१. त्यानंतरची शिल्लक २८,७५,३०८.७०.

दुसऱ्या तुकड्याआधी बँकेला एक प्रश्न विचारा: तुम्ही हप्ता कमी केलात की मुदत? सूत्र त्यावर ठरतं.

हप्ता कमी केला, मुदत तीच. मग ही शिल्लक नवं कर्ज समजा. मुदत २४० मधून २४ गेले, २१६. क्रमांक पुन्हा १ पासून सुरू होतात, आणि जुलै ते मार्च हे नऊ हप्ते:

```
=-CUMIPMT(8%/12,216,2875308.70,1,9,0)
=-CUMPRINC(8%/12,216,2875308.70,1,9,0)
```

व्याज १,७१,०५८.५४ आणि मुद्दल ५५,३६२.३५. दोन तुकडे मिळून वर्षाचं व्याज २,३२,३९६.९२ रुपये. जुनाच दर धरून २२ ते ३३ काढलं असतं तर २,४३,१६९.८५ आलं असतं, म्हणजे पावणेअकरा हजार जास्त. इथे लोक करतात ती चूक म्हणजे शिल्लक नवी घेतात पण मुदत २४० च ठेवतात, किंवा मुदत २१६ करून क्रमांक २५ ते ३३ लिहितात. शिल्लक, मुदत आणि क्रमांक, तिन्ही एकदमच नवे करायचे.

हप्ता तोच, मुदत कमी केली. बँका बऱ्याचदा हेच करतात, आणि इथे CUMIPMT बाजूला ठेवावं असं माझं मत आहे. २६,०३४.७० चा हप्ता ८ टक्क्यांनी चालू ठेवला तर उरलेले हप्ते NPER ने सुमारे २००.६ येतात. CUMIPMT ला पूर्ण संख्या हवी. २०० घातले काय किंवा २०१ घातले काय, त्याच्या मनातला हप्ता तुमच्या खऱ्या हप्त्याशी जुळत नाही, आणि टप्पा ३ ची कसोटी मोडते. त्यापेक्षा नऊ हप्त्यांनंतरची शिल्लक थेट काढा:

```
=FV(8%/12,9,26034.70,-2875308.70)
```

उत्तर २८,११,८४१ रुपयांच्या आसपास. आधीच्या शिलकीतून ही वजा केली की मुद्दल ६३,४६७. नऊ हप्त्यांच्या २,३४,३१२ रुपयांतून ते वजा केलं की व्याज १,७०,८४५. पहिल्या तुकड्यासकट वर्षाचं व्याज २,३२,१८३ आणि मुद्दल ८०,२३३. दोन्ही मार्गांत व्याजाचा फरक दोनशेच रुपयांचा, पण मुद्दलात आठ हजारांहून जास्त आहे. कलम ८०सी मध्ये मुद्दल दाखवणाऱ्याला तो चांगलाच जाणवतो.

मधेच एकरकमी पैसे भरले असतील तरी रीत हीच: त्या दिवशी तुकडा पाडा, नवी शिल्लक घ्या, पुढचा हिशोब तिथून.

## टप्पा ८: बँकेच्या प्रमाणपत्राशी ताळा

प्रमाणपत्र आल्यावर आकडा नेमका जुळेलच असं नाही. थोडक्या फरकाचं एक कारण ठरलेलं असतं. ५ एप्रिलच्या हप्त्यात मुख्यतः मार्चचं व्याज असतं. काही बँका व्याज ३१ मार्चलाच खात्यावर टाकतात आणि हप्ता एप्रिलमध्ये जमा करतात. अशा प्रमाणपत्रातलं व्याज १० ते २१ ऐवजी ११ ते २२ हप्त्यांशी जुळतं. आपल्या उदाहरणात त्याने सुमारे ४५१ रुपये कमी होतात. तुमचा फरक तुमच्या कर्जाच्या मानाने एवढाच असेल, तर B6 आणि B7 एकेकाने वाढवून पाहा. जुळलं तर कारण सापडलं. करासाठी व्याज प्रत्यक्ष भरल्यावर मोजायचं नसतं, देय झालेलं व्याज मोजायचं असतं. मुद्दलाचं मात्र प्रत्यक्ष भरल्यावरच.

आता करातली मर्यादा. २०२५-२६ पर्यंतच्या वर्षांना १९६१ चाच प्राप्तिकर कायदा लागू आहे. जुनी करप्रणाली निवडलेल्याला, स्वतः राहत असलेल्या आणि पूर्ण झालेल्या घरासाठी, कलम २४(ब) खाली कमाल २,००,००० रुपये व्याज मिळतं. मुद्दल ८०सी च्या १,५०,००० मध्ये पीएफ, विमा यांच्यासोबत बसतं. नव्या प्रणालीत स्वतःच्या राहत्या घराच्या व्याजाची ही वजावट नाही, त्यामुळे ती निवडलेल्यांनी १२बीबी साठी ही सगळी उठाठेव करू नये.

एकट्याच्या नावावर कर्ज असेल तर २,४८,७९३ काय आणि २,४७,४३१ काय, दोन्ही दोन लाखांवर कापले जातात आणि चूक झाकून जाते. पण नवरा-बायको दोघंही मालक आणि दोघंही कर्जदार असतील आणि निम्मा-निम्मा हिस्सा असेल, तर प्रत्येकाच्या वाट्याला १,२४,३९६.७६ येतात. तिथे एकही रुपया मर्यादेने कापला जात नाही, म्हणजे शीटमधली चूक जशीच्या तशी दोन्ही विवरणपत्रांत उतरते. इंदिरानगरच्या एका जोडप्याच्या शीटमध्ये दोघांनीही पूर्ण व्याज आपापल्या रकान्यात टाकलं होतं. फंक्शन बरोबर, क्रमांक बरोबर, फक्त शेवटी दोनाने भागायचं राहून गेलं होतं.

कंपनीला जानेवारीत द्यायचा आकडा शीटचा चालतो, कारण तेव्हा फेब्रुवारी-मार्चचे हप्ते अजून पडायचे असतात. विवरणपत्र भरताना मात्र प्रमाणपत्रातलाच आकडा लिहा. आणि प्रमाणपत्र तुमच्या शीटपेक्षा हजारोंनी वेगळं असेल, तर सही करण्याआधी बँकेत जाऊन वर्षाचा पूर्ण उतारा मागा आणि दर नेमका कोणत्या तारखेला बदलला ती ओळ बोट ठेवून शोधा.